स्नेल म्युसिन, प्रोपोलिस आणि फर्मेंट : थरांवर थर लावताना पडणारे प्रश्न

मी सौंदर्यप्रसाधनांच्या फॉर्म्युलेशनमध्ये काम करते. त्वचेच्या निगेच्या कोरियन पद्धतीच्या रुटीनबद्दल मुंबई-ठाण्यातून मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, ते इथे एकत्र केले आहेत. एकाच गोष्टीचं उत्तर दोनदा द्यायला लागू नये म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. घाईत असाल तर प्रश्न २, ७ आणि १० तरी वाचा.

१. स्नेल म्युसिन म्हणजे नेमकं काय? गोगलगायीची लाळ चेहऱ्याला लावायची का?

लाळ नाही. गोगलगाय सरपटताना किंवा तिला त्रास झाला की अंगातून जो चिकट स्राव सोडते, तो गोळा करून गाळतात. बाटलीवर त्याचं नाव ‘स्नेल सिक्रीशन फिल्ट्रेट’ असं लिहिलेलं असतं. सौंदर्यप्रसाधनांसाठी बहुतेक वेळा कॉर्नू अ‍ॅस्पर्सम ही बागेत आढळणारी जात पाळतात. या स्रावात ९० टक्क्यांहून जास्त पाणी असतं. उरलेल्या भागात ग्लायकोप्रोटीन, थोडं हायलुरॉनिक अ‍ॅसिड, अलँटॉइन असे घटक असतात. ग्लायकोलिक अ‍ॅसिडचंही नाव घेतलं जातं, पण ते इतकं कमी असतं की सालपटं काढणाऱ्या सीरमसारखं काम त्याच्याकडून होत नाही.

तार निघणारा तो बुळबुळीतपणा पाहून हे खास काहीतरी आहे असं वाटतं. पण पातळ केलेल्या झँथन गमला किंवा हायलुरॉनिक अ‍ॅसिडलाही अशीच तार येते. तार लांब निघाली म्हणून म्युसिन जास्त आहे असं होत नाही.

२. बाटलीवर ‘९६% स्नेल’ किंवा ‘८०% प्रोपोलिस’ लिहिलेलं असतं. मग आत बाकी काही नाहीच का?

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

तो आकडा द्रवाचा असतो. द्रवात विरघळलेल्या कामाच्या पदार्थाचा नसतो. कपात ९६ टक्के चहा आणि ४ टक्के दूध आहे एवढ्यावरून चहापूड किती टाकली होती हे कळत नाही, तसंच हे. समजा १०० ग्रॅमच्या बाटलीत ९६ ग्रॅम फिल्ट्रेट आहे आणि त्या फिल्ट्रेटमध्ये ९७ टक्के पाणी आहे. म्हणजे म्युसिनचे घन घटक जेमतेम तीन ग्रॅम भरले. फिल्ट्रेट आणखी पातळ करून घेतलेलं असेल तर त्याहूनही कमी, आणि तरीही ‘९६%’ हा दावा खरा ठरतो.

प्रोपोलिसमध्ये तर हा खेळ आणखी मोठा आहे. प्रोपोलिस म्हणजे मधमाश्यांनी झाडांवरून गोळा केलेली राळ. ती अल्कोहोल, ब्यूटिलीन ग्लायकॉल किंवा पाण्यात भिजवून अर्क काढतात, आणि ‘८०% अर्क’ म्हटलं की त्यात ते सगळं द्रावकही मोजलं जातं. अर्कात कोरडी राळ १ टक्का असेल तर तयार सीरममध्ये ती ०.८ टक्का येते. अर्कात ०.१ टक्का असेल तर सीरममध्ये ०.०८ टक्का. दोन्ही बाटल्यांवर आकडा तोच, माल दसपट वेगळा. कुठल्या बाटलीत किती आहे हे लेबलवरून ओळखता येत नाही. कंपनी ‘फ्लॅव्होनॉइड इतके’ असं स्वतंत्रपणे सांगत असेल तरच काही अंदाज बांधता येतो.

मग लेबलवरून काय कळतं? घटकांची यादी प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहितात, पण १ टक्क्याहून कमी असलेले घटक कुठल्याही क्रमाने लिहायची मुभा असते. त्यामुळे १ टक्क्याची रेघ यादीत कुठे पडते हे शोधायचं. फिनॉक्सिइथेनॉल हे प्रिझर्व्हेटिव्ह कमाल १ टक्का वापरता येतं. यादीत त्याच्यानंतर जे जे येतं ते १ टक्का किंवा त्याहून कमी. फिनॉक्सिइथेनॉल नसेल तर कार्बोमर, झँथन गम किंवा सोडियम हायलुरोनेट शोधा. हे सहसा १ टक्क्याच्या खालीच वापरतात. समोर मोठ्या अक्षरात ‘प्रोपोलिस’ आणि मागच्या यादीत प्रोपोलिस कार्बोमरनंतर, असं दिसलं तर ते नावापुरतं आहे असं समजा. मात्र अर्क यादीत पहिला आला म्हणजे राळ भरपूर आहे असा उलटा निष्कर्ष काढू नका. त्याचं कारण वर आलंच आहे.

३. स्नेलने सुरकुत्या जातात याला पुरावा आहे का?

थोडा आहे, आणि तो विशिष्ट आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात उन्हाने त्वचेचं मध्यम ते तीव्र नुकसान झालेले २५ जण होते. त्यांनी १२ आठवडे चेहऱ्याच्या एका बाजूला गोगलगायीच्या स्रावाची उत्पादनं लावली (८ टक्क्यांचं इमल्शन आणि ४० टक्क्यांचं सीरम) आणि दुसऱ्या बाजूला तसंच दिसणारं, स्राव नसलेलं उत्पादन. डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या आणि त्वचेचा पोत स्रावाच्या बाजूला जास्त सुधारला.

अभ्यासाची रचना चांगली होती. एकाच चेहऱ्याच्या दोन बाजूंची तुलना असल्यामुळे ऊन, झोप, वय हे सगळं दोन्हीकडे सारखंच होतं. पण २५ माणसं म्हणजे फारच थोडी, आणि वापरलेला स्राव एका ठरावीक पद्धतीने काढलेला होता. तुमच्या बाटलीतलं फिल्ट्रेट तसंच असेल असं नाही, त्यामुळे तो निकाल त्या बाटलीला लावता येत नाही. पंचविशीतल्या मुलीने सुरकुत्या येऊ नयेत म्हणून लावलं तर काय होईल, हे तर त्या अभ्यासाने विचारलंच नव्हतं.

त्वचा मऊ आणि ओलसर राहते हा अनुभव खरा असतो. तेवढ्यासाठी स्नेल चांगलं आहे. पण अलँटॉइन, पँथेनॉल आणि सोडियम हायलुरोनेट असलेल्या साध्या सीरमनेही तो येतो, आणि स्नेलच्या अनेक बाटल्यांमध्ये हे तिन्ही घटक वेगळे घातलेलेही असतात.

४. प्रोपोलिस म्हणजे मधच ना? मुरमांवर चालतं का?

मध नाही. झाडांच्या कळ्यांवरची चिकट राळ मधमाश्या गोळा करतात, तिच्यात मेण मिसळतात आणि त्याने पोळ्यातल्या फटी बुजवतात. त्यात पिनोसेम्ब्रिन, गॅलँजिन, क्रायसिन यांसारखे फ्लॅव्होनॉइड आणि कॅफिक अ‍ॅसिडचे एस्टर असतात. प्रयोगशाळेत हे जीवाणूंची वाढ रोखतात आणि दाह कमी करतात.

चेहऱ्यावरच्या मुरमांचा एक चांगला अभ्यास २०१८ चा आहे. त्यात ६० रुग्णांचे तीन गट केले होते. एकाला २० टक्के प्रोपोलिस, ३ टक्के टी ट्री तेल आणि १० टक्के कोरफड असलेलं क्रीम दिलं, दुसऱ्याला ३ टक्के एरिथ्रोमायसिनचं क्रीम आणि तिसऱ्याला औषध नसलेलं क्रीम. ३० दिवसांनी मिश्रणाचा गट एरिथ्रोमायसिनपेक्षा सरस ठरला. पण मिश्रणात टी ट्री होतं, आणि मुरमांवर टी ट्रीचा स्वतःचा पुरावा आहे. सुधारणेतला प्रोपोलिसचा वाटा किती हे त्यावरून सांगता येत नाही. शिवाय तिथे प्रोपोलिस २० टक्के होतं. चमक यावी म्हणून घेतलेल्या पारदर्शक अँप्यूल सीरमची त्याच्याशी तुलना करायची म्हटलं तर प्रश्न २ मधला हिशोब आडवा येतो.

या तिघांपैकी अ‍ॅलर्जीच्या बाबतीत खरी काळजी घ्यायची ती प्रोपोलिसची. ते प्रश्न १० ते १२ मध्ये.

५. फर्मेंट म्हणजे चेहऱ्यावर जिवंत जीवाणू लावायचे का, दह्यासारखे?

नाही. नावातच उत्तर आहे. ‘फिल्ट्रेट’ म्हणजे यीस्ट किंवा जीवाणू वाढवून झाल्यावर त्यांना गाळून उरलेलं पाणी, आणि ‘लायसेट’ म्हणजे पेशी फोडून केलेला अर्क. वर प्रिझर्व्हेटिव्ह असतंच. त्या बाटलीत काही जिवंत राहिलं तर ते उत्पादनच बाद. त्यामुळे अशा बाटलीवर ‘प्रोबायोटिक’ लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ ‘जिवंत जीवाणू’ असा घेऊ नका.

‘फर्मेंट’ हा एकच घटक नाही हेही लक्षात घ्या. गॅलॅक्टोमायसिस हे यीस्टसारखं बुरशीकुळातलं, बिफिडा हा जीवाणू, सॅकरोमायसिस म्हणजे पाव फुगवणाऱ्या यीस्टचं घराणं. एकाचा पुरावा दुसऱ्याला लागू होत नाही.

माणसांवरचा सांगण्यासारखा अभ्यास बिफिडोबॅक्टेरियम लाँगमच्या लायसेटचा आहे. त्वचा लगेच चुरचुरते अशी तक्रार असलेल्या ६६ महिलांनी १० टक्के लायसेटचं क्रीम किंवा लायसेट नसलेलं क्रीम दोन महिने दिवसातून दोनदा लावलं, आणि लायसेटच्या गटात संवेदनशीलता कमी झाली. २०१० चा हा अभ्यास हा घटक विकणाऱ्या उद्योगातल्याच संशोधकांचा होता. म्हणून तो खोटा ठरत नाही, पण स्वतंत्र संशोधकांनी तो पुन्हा करून पाहायला हवा. गॅलॅक्टोमायसिसचे बरेच निकाल पेटरीडिशमधल्या त्वचापेशींचे आहेत. त्वचेच्या वरच्या थरातलं फिलॅग्रिन हे प्रथिन वाढतं असं त्यात दिसलं. पेशींवर थेट ओतलेला द्रव आणि चेहऱ्याच्या मृत पेशींच्या थरावर लावलेला द्रव यात खूप अंतर आहे.

६. तिन्ही लावायची असतील तर आधी काय, नंतर काय?

पाण्यासारखं पातळ आधी, घट्ट नंतर. सहसा फर्मेंटचं टोनर किंवा एसेन्स, मग स्नेल, मग प्रोपोलिसचं अँप्यूल, मग क्रीम, आणि दिवसा शेवटी सनस्क्रीन. तिन्ही पाण्यात विरघळणारी असल्याने स्नेल आणि प्रोपोलिसची अदलाबदल झाली तरी काही बिघडत नाही. ‘या क्रमानेच लावलं तर आत मुरतं’ असं जे सांगतात त्याला आधार नाही. म्युसिनमधली मोठी प्रथिनं कुठल्याही क्रमाने लावली तरी त्वचेच्या वरच राहतात आणि तिथेच ओलावा धरतात.

७. सनस्क्रीन लावलं की चेहऱ्यावरून पांढऱ्या शेवया सुटतात. सनस्क्रीन खराब आहे का?

बहुतेक वेळा सनस्क्रीनचा दोष नसतो. खालच्या थरांचा असतो. डोंबिवलीहून रोज लोकलने फोर्टला जाणाऱ्या एका बाईंनी मला त्यांचं सकाळचं रुटीन लिहून पाठवलं होतं : फेसवॉश, फर्मेंट टोनर दोनदा, स्नेलचे तीन पंप, प्रोपोलिसचे चार थेंब, नायसिनमाइड, जेल क्रीम, सनस्क्रीन. सगळं दहा मिनिटांत. स्टेशनवर पोचून मानेचा घाम रुमालाने पुसला की रुमालावर वळ्या. त्यांनी सनस्क्रीन दोनदा बदललं, तरी तेच.

आम्ही चारही बाटल्यांच्या याद्या शेजारी शेजारी ठेवल्या. स्नेलमध्ये सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट आणि कार्बोमर, अँप्यूलमध्ये झँथन गम, जेल क्रीममध्ये पुन्हा कार्बोमर. हे सगळे द्रव घट्ट करणारे पॉलिमर. पाणी उडालं की त्यांचा पातळ पापुद्रा उरतो. असे तीन पापुद्रे एकावर एक, त्यावर सिलिकोन असलेलं सनस्क्रीन चोळलं, की ते खालच्या थराला घट्ट धरत नाही आणि सगळं मिळून गुंडाळून येतं. दमट हवेत पाणी लवकर उडत नाही, म्हणून थर अर्धा ओला असतानाच पुढचा चोळला जातो आणि वळ्या वाढतात.

केलेला बदल असा. सकाळी फेसवॉशनंतर स्नेलचा एकच पंप, पाच मिनिटं थांबायचं, मग सनस्क्रीन. क्रीम बंद, कारण सनस्क्रीनच पुरेसं मऊ होतं. सनस्क्रीन चेहरा आणि मानेसाठी दोन बोटांच्या लांबीइतकं, पण दोन हप्त्यांत, चोळून न लावता दाबून. नायसिनमाइड रात्री, फर्मेंट आणि प्रोपोलिस बाजूला. वळ्या थांबल्या.

हे मी इतकं रंगवून सांगते कारण यात दिसण्यापेक्षा मोठी गोष्ट आहे. सनस्क्रीनच्या वळ्या सुटतात तिथे सनस्क्रीन उरत नाही. ज्या थराचा पुरावा सगळ्यात भक्कम आहे, तोच कच्च्या पुराव्याच्या तीन थरांपायी वाया जातो. रुटीन आटोपशीर करायचं हे माझ्यासाठी पुरेसं कारण आहे.

८. मुंबईच्या हवेत या तिन्हींची गरज असते का?

माझं मत स्पष्ट आहे : एक पुरे. तिन्हींचं ठळकपणे जाणवणारं काम एकच आहे, त्वचेत ओलावा धरणं. तेच काम तीनदा केल्याने तिप्पट फायदा होत नाही, चिकचिक मात्र तिप्पट होते. जून ते सप्टेंबर तर बहुतेकांना स्नेल किंवा फर्मेंट यातलं एक आणि सनस्क्रीन एवढ्यावर भागतं. त्वचा चुरचुरणारी असेल तर बिफिडा लायसेटचं काहीतरी बघा, नुसती कोरडी असेल तर स्नेल. प्रोपोलिस मी सरसकट कुणालाच सुचवत नाही.

९. पण ऑफिसात दिवसभर एसी असतो, तिथे गाल ओढल्यासारखे होतात.

एसीच्या हवेत बाष्प कमी असतं. नुसतं पाणी धरणारं स्नेल तिथे अपुरं पडतं, कारण धरलेलं पाणी वरून उडून जातं. स्नेलवर आणखी एक एसेन्स लावण्यापेक्षा त्यावर सिरामाइड किंवा थोडं पेट्रोलॅटम असलेलं पातळ क्रीम लावा. कपाळ-नाकाचा टी-झोन सोडून फक्त गालांवर लावलं तरी चालतं.

१०. कोपरावर २४ तास लावून बघितलं, काही झालं नाही. आता चेहऱ्याला लावू?

एवढ्याने भागत नाही. एका दिवसाच्या चाचणीत लगेच होणारी जळजळ कळते. प्रोपोलिसची अ‍ॅलर्जी उशिरा उमटणाऱ्या प्रकारची असते. आधीपासून अ‍ॅलर्जी असली तरी पुरळ दिसायला दोन ते चार दिवस लागू शकतात, आणि नव्याने तयार व्हायची असेल तर आठवडा-दोन आठवडे जातात.

म्हणून हाताच्या आतल्या बाजूला, कोपराच्या वळणापाशी, जुन्या रुपयाएवढ्या जागेवर उत्पादन सकाळ-संध्याकाळ लावा, धुऊ नका, आणि हे दहा ते चौदा दिवस करा. जागा पेनने गोल करून ठेवा, नाहीतर रोज थोडी सरकते. घामाने जी वळणाची रेघ सतत ओली राहते ती टाळून दोन बोटं खाली लावा. तिथली घामोळं आणि अ‍ॅलर्जी यांत फरक कळत नाही. खाज, लाली, बारीक पाणीदार फोड किंवा त्वचा जाड झाल्यासारखी वाटणं, यातलं काहीही त्या गोलातच उमटलं तर ते उत्पादन चेहऱ्यावर नको. एका वेळी एकाच उत्पादनाची चाचणी करा.

११. डोळ्यांभोवती खाज आणि सूज आली आहे. तिन्ही एकदमच सुरू केली होती. कशाने झालं ते कसं कळणार?

सगळं बंद करा. ‘एकच बंद करून बघते’ असं नको. साधा फेसवॉश, साधं क्रीम, बस. सूज पापण्यांवर असेल, पाणी येत असेल किंवा दोन-तीन दिवसांत उतार पडत नसेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. घरातलं ‘गोरं करणारं’ किंवा खाजेचं ट्यूबमधलं क्रीम मनाने लावू नका. त्यात बरेचदा स्टिरॉइड असतं आणि पापणीची त्वचा फार पातळ असते.

त्वचा पूर्ण शांत झाल्यावर दोन आठवडे जाऊ द्या. मग प्रश्न १० ची चाचणी हातावर एकेका बाटलीने करा, आधी स्नेल, मग फर्मेंट, शेवटी प्रोपोलिस. दीड-दोन महिने लागतात. कंटाळवाणं आहे, पण घरच्या घरी खात्री करायचा दुसरा मार्ग नाही. आधीची रिअ‍ॅक्शन जोराची असेल तर घरी चाचणी न करता डॉक्टरांकडेच करा.

डॉक्टरांकडची पॅच टेस्ट वेगळी असते. पाठीवर पट्ट्या ४८ तास ठेवतात, मग काढून तेव्हा बघतात आणि पट्ट्या लावल्यापासून तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी पुन्हा बघतात. केईएम, सायन, नायर यांसारख्या मोठ्या रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहेत. तिथे पॅच टेस्टची सोय आणि वेळ विचारून घ्या. ‘तुमच्या संचात प्रोपोलिस आहे का’ हे आधी विचारा आणि स्वतःच्या बाटल्या बरोबर न्या. धुऊन न टाकायची उत्पादनं आहेत तशी तपासता येतात. पट्ट्या असेपर्यंत पाठ ओली करायची नसते, म्हणून ऐन मे महिन्यात ही चाचणी ठरवू नका. घामाने पट्ट्या सुटतात.

१२. मला मधमाशी चावली की खूप सूज येते. प्रोपोलिस चालेल का? आणि धुळीची अ‍ॅलर्जी असेल तर स्नेल?

मधमाशीच्या विषाची अ‍ॅलर्जी आणि प्रोपोलिसची अ‍ॅलर्जी यांची यंत्रणा वेगळी आहे. पहिली काही मिनिटांत उमटते आणि विषातल्या प्रथिनांमुळे होते. दुसरी दिवसांनी उमटते आणि झाडाच्या राळेतल्या कॅफिक अ‍ॅसिडच्या एस्टरांमुळे होते. एक आहे म्हणून दुसरी असेलच असं नाही. प्रोपोलिसशी खरा संबंध सुगंधी द्रव्यांच्या अ‍ॅलर्जीचा आहे. पेरू बाल्सम या झाडाच्या सुगंधी चिकाची अ‍ॅलर्जी निघालेल्यांना प्रोपोलिसही बाधू शकतं. परफ्यूम किंवा सुगंधी लिपबामने ओठ-मान चुरचुरण्याचा इतिहास असेल तर प्रोपोलिस टाळा. घशाचा स्प्रे, टूथपेस्ट यांतही ते असू शकतं, ओठांभोवतीचं पुरळ हटत नसेल तर तिकडेही नजर टाका.

गोगलगाय खाल्ल्यावर धुळीतल्या माइटची अ‍ॅलर्जी असलेल्यांना तीव्र रिअ‍ॅक्शन आल्याची उदाहरणं आहेत, कारण दोघांतली काही प्रथिनं एकमेकांसारखी असतात. चेहऱ्याला लावणं म्हणजे खाणं नव्हे. तरी धुळीने दमा उठत असेल तर पहिल्यांदा हातावर लावून अर्धा तास थांबा, गांध उठली तर नाद सोडा. नाही उठली तर प्रश्न १० प्रमाणे पुढे जा.

१३. कपाळावर बारीक एकसारखे दाणे आले. सगळे म्हणतात फर्मेंटमुळे फंगल अ‍ॅक्ने झालं.

फर्मेंटमधलं यीस्ट तुमच्या त्वचेवर वाढत नाही, ते गाळून गेलेलं असतं (प्रश्न ५). दाण्यांना कारण असणारी मॅलॅसेझिया ही यीस्ट मुळात आपल्या त्वचेवर असतेच, आणि तिला वाढायला चरबी लागते. पाणीदार फिल्ट्रेट हे तिचं खाद्य नव्हे. फर्मेंटने हे दाणे वाढतात असं दाखवणारा नीट क्लिनिकल पुरावा नाही. मुंबईत घाम, हेल्मेट, ओली केसांची बट, खोबरेल तेल ही कारणं आधी तपासा.

दाणे सगळे एकाच आकाराचे, खाजरे, कपाळाच्या कडेला, छाती-पाठीवरही असतील आणि काळी तोंडं दिसत नसतील तर मॅलॅसेझियाचा संशय घ्यायचा. डॉक्टर दाण्यातला अंश पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, तेव्हा नक्की कळतं.

आणि ‘हे पर्जिंग आहे, सहन कर’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. पर्जिंग, म्हणजे आत दडलेली मुरमं लवकर वर येणं, रेटिनॉइड किंवा सालपटं काढणाऱ्या अ‍ॅसिडने होतं. स्नेल, प्रोपोलिस, फर्मेंट यांनी पुरळ वाढलं तर ते उत्पादन मानवत नाही, इतकंच.

१४. डॉक्टरांनी मुरमांसाठी अ‍ॅडापलीन दिलं आहे. त्यावर किंवा त्याखाली स्नेल लावू?

लावता येतं. सुरुवातीच्या आठवड्यांत चुरचुर होत असेल तर आधी स्नेल, ते सुकल्यावर वाटाण्याएवढं अ‍ॅडापलीन, वरून क्रीम. पण स्नेल ओलं असताना अ‍ॅडापलीन लावू नका, ओल्या त्वचेवर जळजळ वाढू शकते. ट्रेटिनॉइनलाही हेच. प्रोपोलिस मात्र या काळात नकोच. त्वचेचा वरचा थर सोलवटलेला असताना अ‍ॅलर्जी करू शकणारे घटक जास्त आत जातात, आणि एकदा तयार झालेली अ‍ॅलर्जी सहसा आयुष्यभर राहते.

१५. वांग कमी होतील का?

या तिघांवर भरवसा ठेवू नका. ‘ब्राइटनिंग’ या शब्दामागे बरेचदा ओलसर त्वचेवर उजेड चांगला परावर्तित होतो एवढंच असतं, आणि धुतलं की ते जातं. वांगासाठी रोजचं सनस्क्रीन, शक्यतो आयर्न ऑक्साइड असलेलं रंगीत, आणि डॉक्टरांची औषधं. दृश्य प्रकाशानेही वांग गडद होतात आणि रंगीत सनस्क्रीन तो अडवतं.

१६. आम्ही शाकाहारी आहोत, सासूबाई जैन आहेत. यातलं काय चालेल?

स्नेल उघडच प्राणिज आहे, आणि स्राव काढताना गोगलगायीला किती त्रास दिला जातो हे पद्धतीवर ठरतं. ‘क्रुएल्टी-फ्री’ शिक्क्यावरून ती पद्धत कळत नाही. प्रोपोलिस मधमाश्यांचं, त्यामुळे मध वर्ज्य असणाऱ्यांनी हेही वर्ज्य धरावं. फर्मेंट सहसा प्राणिज नसतं, पण सूक्ष्मजीव वाढवून आणि लायसेटच्या बाबतीत फोडून केलेलं असतं, तेव्हा निर्णय सासूबाईंना विचारूनच घ्या. ओलाव्यासाठीच हवं असेल तर ग्लिसरीन, पँथेनॉल आणि बीटेन असलेलं साधं सीरम द्या. हायलुरॉनिक अ‍ॅसिड असेल तर ते कशापासून बनवलं हे कंपनीला विचारा.

१७. क्रॉफर्ड मार्केटला निम्म्या किमतीत मिळतं. घेऊ का? आणि तारीख कशी वाचायची?

आयात केलेल्या बाटलीवर आयातदाराचं नाव, पत्ता आणि आयात नोंदणी क्रमांक असलेलं स्टिकर हवं. ते नसेल तर माल खरा असला तरी तो कुठून, किती उन्हातून आला हे कुणी सांगू शकत नाही, आणि तक्रार करायला दारही उरत नाही. मी घेत नाही.

कोरियन तारीख वर्ष, महिना, दिवस अशा क्रमाने असते. २०२७.०३.०५ म्हणजे ५ मार्च. ती उत्पादनाची आहे की मुदतीची हे स्टिकरवर ताडून बघा, नाहीतर नवी बाटली जुनी समजून टाकून द्याल किंवा उलट. उघड्या डबीच्या चित्रात ‘१२ एम’ असेल तर उघडल्यापासून बारा महिने. बाथरूममध्ये किंवा उन्हाच्या खिडकीत ठेवू नका. स्नेल पाण्यासारखं पातळ झालं, फर्मेंटचा नेहमीचा आंबूस वास बदलून सडका झाला किंवा प्रोपोलिस गढूळ होऊन तळाशी गाळ बसला, तर मुदत शिल्लक असली तरी फेकून द्या.